पावतीवर नसलेली तारीख

व्यापारी घराण्यांत येणे-देणे लिहिण्याची शिस्त जुनी आहे. रोजमेळ, किर्द, खतावणी यांत उधारीचा रुपया सहसा चुकत नाही, कारण ज्याच्याकडे पैसे राहिले आहेत तो गिऱ्हाईक रोज डोळ्यांसमोर असतो. अनामत रकमेचे तसे नसते. एखाद्या सरकारी रुग्णालयाला, वसतिगृहाला किंवा नगरपालिकेला माल पुरविण्यासाठी निविदा भरली की बयाणा रक्कम जाते. काम मिळाले की सुरक्षा ठेव किंवा बँक हमी जाते. त्या दिवशी पावती येते, फाइलीत लागते आणि पुढे वर्ष-दीड वर्ष तिच्याकडे पाहण्याचे कारणच पडत नाही. खतावणीत ‘अनामत खाते’ नावे टाकलेले असते, ताळेबंदात ती रक्कम दरवर्षी पुढे ओढली जाते आणि ती परत कधी मिळणार हे घरातील एकाच माणसाला ठाऊक असते. तो माणूस दुकानात येईनासा झाला की पुढच्या पिढीच्या हाती कागद उरतात.

या कागदांतून अनामत नोंदवहीत तीन गोष्टी उतरवायच्या असतात: रक्कम, मुदत आणि परताव्याची तारीख. पहिल्या दोन कागदावर छापलेल्या असतात. तिसरी बहुतेक वेळा कोठेच छापलेली नसते. नोंदवही लिहिणारा नवखा असला तर तो रिकामा रकाना भरण्यासाठी मुदतीचीच तारीख परताव्याच्या रकान्यात उतरवतो, आणि पुढचे बरेचसे नुकसान या एका सोयीस्कर नोंदीतून सुरू होते. मुदत म्हणजे कागद कोठवर जिवंत आहे ती तारीख. परतावा म्हणजे पैसे मागण्याचा हक्क ज्या दिवशी आपल्याकडे येतो तो दिवस. हे दोन दिवस क्वचितच एक असतात.

सरळ पावतीपासून आरंभ करावा. रोखीने, डिमांड ड्राफ्टने किंवा ऑनलाइन भरलेल्या अनामतीच्या पावतीवर क्रमांक, दिनांक, भरणाऱ्याचे नाव, रक्कम आणि ‘कशाबद्दल’ असा एक रकाना असतो. वाचताना प्रथम तो ‘कशाबद्दल’ पाहावा. निविदा अर्जाची किंमत आणि बयाणा रक्कम कित्येकदा एकाच पावतीत एकत्र येतात. समजा पावती ८२,३६० रुपयांची आहे. तिच्यात ८०,००० बयाणा, २,००० अर्जाची किंमत आणि तिच्यावरील १८ टक्के जीएसटीचे ३६० रुपये असतील, तर अनामत नोंदवहीत ८०,००० इतकेच लिहावयाचे. उरलेले २,३६० परत येणारे नाहीत. त्यांची जागा खर्चात. एकूण आकडा जसाच्या तसा उतरवला की पुढे ८०,००० जमा झाल्यावर ‘२,३६० येणे बाकी’ अशी एक ओळ वर्षानुवर्षे तशीच राहते आणि तिच्यासाठी कार्यालयाच्या खेपाही घातल्या जातात.

त्यानंतर नाव. पेढीच्या नावाने निविदा आणि मालकाच्या वैयक्तिक खात्यातून पैसे, असा प्रकार एकट्याच्या मालकीच्या दुकानांत सर्रास होतो. ऑनलाइन निविदेत बयाणा ज्या खात्यातून गेला त्याच खात्यात तो परत येतो. म्हणून नोंदवहीत कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून रक्कम गेली हे लिहून ठेवावे. दरम्यान ते खाते बंद केले तर परत आलेली रक्कम पुन्हा कार्यालयाकडे उलटते आणि तेथून सोडवून आणणे हे वेगळेच काम होऊन बसते.

आता तारखांचा प्रश्न. तो एका उदाहरणाने नीट उलगडतो. उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील नियम केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील आहेत. इचलकरंजीची एक कापडाची पेढी केंद्र सरकारच्या एका रुग्णालयाला चादरी पुरविण्याची निविदा भरते. अंदाजित किंमत ४० लाख रुपये, बयाणा दोन टक्के म्हणजे ८०,००० रुपये. सूक्ष्म व लघु उद्योगांना या बयाण्यातून सूट असते. तथापि ती सूट उत्पादक आणि सेवा पुरवठादारांसाठी आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, ही सूट मिळत नाही. पेढी व्यापाऱ्याची असल्यामुळे तिने पैसे भरले.

निविदा १० जून २०२४ रोजी उघडली आणि दर ९० दिवस कायम ठेवायचे होते. म्हणजे दराची मुदत ८ सप्टेंबर २०२४ पर्यंत. बयाण्याची मुदत नियमाप्रमाणे त्यापुढे आणखी ४५ दिवस, म्हणजे २३ ऑक्टोबर २०२४. बयाणा बँक हमीच्या किंवा मुदत ठेवीच्या रूपाने दिला असता तर कागदावर हीच २३ ऑक्टोबर तारीख दिसली असती, आणि नोंदवहीत ‘परतावा: २३ ऑक्टोबर’ असे लिहिण्याचा मोह झाला असता.

प्रत्यक्षात परताव्याची तारीख निविदेच्या निकालावर ठरते. काम १२ ऑगस्ट रोजी दुसऱ्याला दिले गेले असते, तर नियमाप्रमाणे करार दिल्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे ११ सप्टेंबरपर्यंत, अयशस्वी निविदाकाराचा बयाणा परत झाला पाहिजे. काम याच पेढीला मिळाले तर कार्यपूर्तीची सुरक्षा ठेव दिल्यावर बयाणा मोकळा होतो. उदाहरणात पेढीला काम मिळाले आणि तिने २० ऑगस्ट रोजी सुरक्षा ठेवीची बँक हमी सादर केली. म्हणून बयाणा मागण्याचा दिवस २० ऑगस्ट. कागदावरची मुदत आणि हा दिवस यांत दोन महिन्यांहून अधिक अंतर आहे. नोंदवहीत म्हणून तारखेआधी घटना लिहावी: ‘निकाल लागल्यावर’, ‘हमीपत्र दिल्यावर’. घटना घडली की शेजारच्या रकान्यात तारीख पडते. घटना न लिहिता केवळ तारीख लिहिली तर ती अंदाजाची ठरते आणि अंदाजाच्या तारखेला कोणी पत्र लिहीत नाही.

राज्य शासनाची खाती, महापालिका, विद्यापीठे यांचे नियम निरनिराळे असतात. ४५, ३० किंवा ६० हे आकडे सर्वत्र लागू नाहीत. म्हणून पावतीसोबत निविदेतील ज्या कलमात परताव्याची अट आहे त्या पानाची प्रत त्याच फाइलीत लावणे आणि कलमाचा क्रमांक नोंदवहीत लिहिणे आवश्यक ठरते. निविदा दोनशे पानांची असते. दीड वर्षाने ते पान पुन्हा शोधण्यास कोणी बसत नाही.

आता बँक हमी. करार ३६ लाखांचा झाला आणि सुरक्षा ठेव पाच टक्के ठरली, म्हणजे १,८०,००० रुपये. पुरवठ्याच्या व्यवहारात पाच टक्के नफा सुटला तर हमीची रक्कम म्हणजे त्या कामाचा सगळा नफाच होय. तो कोणत्या कागदावर, कोणत्या दिवसापर्यंत अडकून आहे हे पाहण्याजोगे असते.

हमीपत्र चार-पाच पानांचे, मुद्रांकावर छापलेले आणि बहुधा इंग्रजीत असते. ते पहिल्या पानापासून वाचत गेले की माणूस थकतो. अनुभवी मुनीम शेवटच्या पानावरून सुरुवात करतात. तेथे ‘नॉटविथस्टँडिंग’ या शब्दाने सुरू होणारा एक परिच्छेद असतो. वर काहीही लिहिले असले तरी पुढील अटीच खऱ्या, असा त्याचा अर्थ. त्यात सामान्यतः तीन वाक्ये असतात. पहिल्यात बँकेची जबाबदारी कमाल किती रुपयांची हे सांगितलेले असते. दुसऱ्यात हमी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते असते. तिसऱ्यात असे लिहिलेले असते की लेखी मागणी अमुक तारखेपर्यंत बँकेला पोहोचली तरच बँक पैसे देईल. नोंदवहीसाठी लागणारा मजकूर या तीन वाक्यांत आहे. मात्र पहिल्या पानावरील रक्कम, अक्षरी रक्कम आणि या परिच्छेदातील रक्कम तिन्ही एकमेकांशी ताडून पाहाव्यात. तफावत आढळल्यास नोंद करण्यापूर्वी बँकेकडून दुरुस्ती करून घ्यावी, कारण कार्यालयाच्या नजरेस ती पुढे आली तर पुरवठ्याचे बिल अडते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यातील तारखा वेगळ्या असतात, आणि येथेच नोंदी सर्वाधिक चुकतात. वैधतेची तारीख सांगते की त्या दिवसापर्यंत पुरवठादाराच्या हातून जी कसूर घडेल तिच्यापुरती बँक उभी आहे. दाव्याची तारीख सांगते की त्या मुदतीत घडलेल्या कसुरीबद्दल पैशांची मागणी कार्यालय कोणत्या दिवसापर्यंत करू शकते. उदाहरणातील हमीची वैधता १४ जानेवारी २०२६ पर्यंत आणि दाव्याची तारीख १४ जानेवारी २०२७ आहे. वैधता संपली म्हणून हमी संपली असे समजून पेढीने कागद फाइलीतून काढून टाकला, तरी बँकेच्या पुस्तकात ती आणखी वर्षभर उभी राहते.

हे एक वर्ष कोठून येते, याचा उगम भारतीय करार कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. हक्क बजावण्याची मुदत करारानेच आखडून टाकणारी अट या कलमाने निरर्थक ठरते. १९९७ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने हा नियम अधिक कडक झाला आणि हमी कित्येक वर्षे डोक्यावर राहील अशी धास्ती बँकांना पडली. सरकारला दिवाणी दावा दाखल करण्यास ३० वर्षांची मुदत आहे हे ध्यानात घेतले की ती धास्ती समजते. २०१३ पासून बँकांच्या हमीपत्रांसाठी एक अपवाद लागू झाला. ठरलेली घटना घडल्यापासून एक वर्षाहून कमी नाही अशी मुदत घातली असेल तर त्यानंतर हक्क संपतो, असे हमीपत्रात लिहिता येऊ लागले. अनेक बँकांनी याचा अर्थ दाव्याची मुदत किमान एक वर्षाची हवी असा लावला. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा अपवाद न्यायालयात हक्क बजावण्याच्या मुदतीविषयी आहे, बँकेकडे मागणी करण्याच्या मुदतीविषयी नाही, असा निर्णय दिला. तरीही हमीपत्रांत एका वर्षाची दाव्याची मुदत आजही ठिकठिकाणी आढळते. निविदेत अशी अट नसेल तर हमी घेण्यापूर्वीच बँकेशी कमी मुदतीबद्दल बोलणे रास्त. एकदा कागद निघाल्यावर त्या बोलण्याला अर्थ उरत नाही.

हे वर्ष फुकटचे नसते. हमी देताना बँकेने पेढीची काही रक्कम मार्जिन म्हणून मुदत ठेवीत अडकवलेली असते. उदाहरणात ती २५ टक्के, म्हणजे ४५,००० रुपये धरू. कमिशनचा दर बँकेनुसार आणि गिऱ्हाइकानुसार बदलतो. तो वार्षिक दोन टक्के धरला तर वर्षाला ३,६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६४८, एकूण ४,२४८ रुपये होतात. काही बँका कमिशन वैधतेपर्यंतच घेतात, काही दाव्याच्या तारखेपर्यंत घेतात. नोंदवहीत कमिशन कोणत्या तारखेपर्यंत भरले आहे हे लिहिले की ते स्पष्ट होते. मार्जिनची ठेव मात्र जवळजवळ सर्वत्र एकाच अटीवर सुटते: मूळ हमीपत्र बँकेकडे परत यावे किंवा लाभार्थी कार्यालयाने जबाबदारीतून मुक्त केल्याचे पत्र द्यावे. तसे न झाल्यास दाव्याची तारीख उलटेपर्यंत थांबावे लागते. म्हणजे मूळ कागद वेळेवर परत आणला तर ४५,००० रुपये वर्षभर लवकर मोकळे होतात. एकाच वेळी सहा-सात हमीपत्रे चालू असणाऱ्या पेढीला या फरकातून एका हंगामाचे भांडवल उभे राहते.

उरली परताव्याची तारीख. ती या हमीपत्रात कोठेही नाही. ती करारातून काढावी लागते. वित्तीय नियमांप्रमाणे सुरक्षा ठेव, हमीच्या काळातील (वॉरंटीच्या) जबाबदाऱ्यांसह, कराराची सर्व बंधने पूर्ण झाल्यानंतर ६० दिवसांपर्यंत वैध असावी लागते. करारात पुरवठ्याची अखेरची तारीख १५ नोव्हेंबर २०२४ होती आणि माल स्वीकारल्यापासून बारा महिन्यांची वॉरंटी होती. बँकेने त्यावरून हिशेब केला: १५ नोव्हेंबर २०२५ अधिक ६० दिवस, म्हणजे १४ जानेवारी २०२६. हमीपत्रावरील तारीख अशी आली. कागद काढताना तो हिशेब बरोबर होता.

परंतु चादरींचा शेवटचा लॉट उशिरा गेला आणि रुग्णालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी माल स्वीकारल्याची नोंद केली. त्या दिवशी वॉरंटीची सुरुवात पुढे सरकली. ती आता २० डिसेंबर २०२५ रोजी संपणार आणि त्यावर ६० दिवस धरले की १८ फेब्रुवारी २०२६ येते. हमीपत्र मात्र १४ जानेवारीलाच संपणार. या ३५ दिवसांच्या फटीची कल्पना हमीपत्र देणाऱ्या बँकेला नसते, कारण तिला माल कधी स्वीकारला ते कळत नाही. कार्यालयाला ती उशिराने, बहुधा हमीची मुदत संपत आल्यावर कळते. पेढीला ती २० डिसेंबर २०२४ रोजीच कळू शकते, जर मालाच्या स्वीकृतीचा कागद हातात येताच कोणी अनामत नोंदवही उघडली तर. नोंदवहीत म्हणून ‘स्वीकृतीचा दिनांक’ असा रकाना असावा आणि तो भरला गेल्याच दिवशी परताव्याची तारीख पुन्हा मोजली जावी.

तसे न झाल्यास काय होते, हे या व्यवसायात पुष्कळांनी पाहिलेले आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कार्यालय बँकेला एक पत्र पाठवते: हमीची मुदत वाढवा, अन्यथा हेच पत्र पैशांची मागणी समजून रक्कम अदा करा. बँकेपुढे मग दोनच मार्ग असतात. हमी बिनशर्त असते; माल उत्तम होता की नाही, उशीर कोणामुळे झाला, हे बँकेला विचारण्याचा अधिकार नाही. फसवणूक उघड दिसत असेल किंवा भरून न येणारा अन्याय होणार असेल अशा अपवादांखेरीज न्यायालयेही अशा अदायगीत पडत नाहीत. मुदतवाढीसाठी पेढीचा अर्ज, मुद्रांक आणि वाढीव कमिशन वेळेत बँकेत पोहोचले नाही तर १,८०,००० रुपये जातात, आणि ज्या कामात एकही चादर नाकारली गेली नव्हती त्या कामाचा नफा बुडतो. पैसे परत मिळविण्याचा हक्क राहतो, पण तो कार्यालयाशी भांडून सिद्ध करावा लागतो.

म्हणून उदाहरणातील नोंदवहीत आणखी एक तारीख आहे: १५ नोव्हेंबर २०२५. हमीच्या अखेरीपूर्वी ६० दिवस. त्या दिवशी नोंदवही पाहणाऱ्याने एवढेच ठरवायचे असते की बंधने हमीच्या मुदतीत संपतात की नाहीत. या पेढीची संपत नव्हती, म्हणून तिने नोव्हेंबर अखेरीस बँकेकडून दुरुस्तीपत्र घेतले. त्यात नवी वैधता १८ फेब्रुवारी २०२६ आणि नवी दाव्याची तारीख १८ फेब्रुवारी २०२७ झाली. असे दुरुस्तीपत्र मूळ हमीपत्राचाच भाग असते. ते वेगळ्या फाइलीत गेले तर मूळ कागद वाचणारा जुनीच तारीख खरी धरतो. नोंदवहीत जुनी तारीख खोडू नये. तिच्याखाली नवी ओळ घालावी, दुरुस्तीपत्राचा क्रमांक लिहावा आणि जुन्या ओळीवर ‘पुढील ओळ पाहा’ असे नोंदवावे. खाडाखोड केलेल्या रकान्यात कोणती तारीख शेवटची हे दीड वर्षाने लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हमीपत्र खरे आहे याची खातरजमा आता कार्यालये बँकांच्या आपसांतील संदेशयंत्रणेतून, म्हणजे एसएफएमएसमधून, करून घेतात. हमी देणारी बँक लाभार्थीच्या बँकेला तसा संदेश पाठवते. दुरुस्तीपत्राचाही स्वतंत्र संदेश जावा लागतो. तो गेला नाही तर पेढीकडे मुदतवाढीचा कागद असतो आणि कार्यालयाच्या लेखी हमी संपलेली असते. कागदासोबत संदेशाची प्रत मागून घेणे आणि तिचा दिनांक नोंदविणे हे यावरचे साधे उत्तर आहे.

पावतीच नसलेल्या अनामतींकडेही येथे पाहायला हवे, कारण नोंदवहीतून त्याच निसटतात. बांधकाम किंवा विद्युतकामाच्या कंत्राटात सुरक्षा ठेवीचा काही भाग प्रत्येक चालू बिलातून कापला जातो. त्याची वेगळी पावती निघत नाही; बिलाच्या तपशिलात कपातीची एक ओळ असते आणि बँकेत निव्वळ रक्कम जमा होते. मुनीम निव्वळ रक्कम जमा करून बिल पूर्ण झाले असे धरतो, किंवा फरक ‘घट’ म्हणून खर्चात टाकतो. अशा कामात प्रत्येक बिलाची कपात नोंदवहीत स्वतंत्र ओळीत यावी आणि परताव्याची तारीख दोषदायित्वाच्या काळाच्या अखेरीवरून मोजावी. वीजजोडणीच्या ठेवीचा प्रकार उलट आहे. जोडणीच्या वेळची जुनी पावती जपून ठेवलेली असते, पण पुढे वेळोवेळी बिलातून अतिरिक्त ठेव मागितली गेलेली असते. तेथे खरी रक्कम पावतीवर नसून वीजबिलावर छापलेली असते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४७ प्रमाणे या ठेवीवर किमान बँक दराने व्याजही मिळते. वर्षातून एकदा बिलावरील आकड्याशी नोंदवही जुळवून घेतली की पुरते.

मागणीच न केल्यास रोख अनामतीचे काय होते? केंद्र सरकारच्या जमा-खर्चाच्या नियमांत, तीन पूर्ण हिशेबी वर्षांहून अधिक काळ कोणी न मागितलेली ठेव मार्चअखेर सरकारी महसुलात जमा करण्याची तरतूद आहे. त्यानंतरही परतावा मिळू शकतो, पण त्यासाठी लेखा अधिकाऱ्याची मंजुरी, मूळ नोंदीचा शोध आणि पावती हरवली असल्यास क्षतिपूर्तीचे बंधपत्र लागते. तोवर पेढीच्या भागीदारीत बदल झाला असेल, वडिलांच्या जागी मुलगा आला असेल, तर पावतीवरचे नाव आणि मागणाऱ्याचे नाव जुळत नाही आणि वारसाचे किंवा भागीदारीच्या फेररचनेचे कागद जोडावे लागतात. भागीदारीपत्र बदलताना चालू अनामतींची यादी त्याला जोडणे आणि कार्यालयांना व बँकेला तेव्हाच लेखी कळविणे सोयीचे ठरते.

उदाहरणातील पेढीने वॉरंटी संपल्यावर, २२ डिसेंबर २०२५ रोजी, रुग्णालयाला पत्र दिले. पत्रात करार क्रमांक, स्वीकृतीचा दिनांक, वॉरंटी संपल्याचा दिनांक, हमीपत्राचा व दुरुस्तीपत्राचा क्रमांक आणि मूळ हमीपत्र परत करण्याची विनंती इतकेच होते. अंतिम बिल मिळाले असल्याचे आणि कोणतीही तक्रार प्रलंबित नसल्याचे एक वाक्य होते. पत्राच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला आणि तो क्रमांक नोंदवहीच्या ‘मागणी’ या रकान्यात गेला. ‘साहेब बघतो म्हणाले’ ही नोंद त्या रकान्यात बसत नाही. मूळ हमीपत्र आणि दुरुस्तीपत्र दोन्ही १६ फेब्रुवारीला परत मिळाले. दुसऱ्याच दिवशी ती बँकेत देऊन पोच घेतली. आठवड्याभराने बँकेने मार्जिनच्या ४५,००० रुपयांच्या ठेवीवरील बोजा उठवला. तेव्हा शेवटच्या रकान्यात तीन तारखा पडल्या: कागद परत आल्याची, बँकेत दिल्याची आणि ठेव मोकळी झाल्याची. त्या ठेवीवरील व्याजावर दरम्यानच्या वर्षांत कापलेला कर प्राप्तिकराच्या विवरणात घेतला आहे की नाही हे तपासून मुनिमाने त्या ओळीखाली लाल रेघ ओढली.